ठेकेदाराची बँक गॅरंटी सरकार वटवत का नाही? आणि वटवली तर कोर्ट थांबवतं का?

कारध्याला वैनगंगेची धोका पातळी २४५.५० मीटर. पावसाळ्यात हा आकडा आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतो. पण नदीच्या त्याच पाण्याशी जोडलेला दुसरा एक आकडा कुणालाच माहीत नसतो, तो म्हणजे गोसेखुर्दच्या कालव्यांची, वितरिकांची, रस्त्यांची आणि पुलांची कामं घेतलेल्या ठेकेदारांनी सरकारकडे किती रुपयांच्या बँक गॅरंट्या ठेवल्या आणि त्यातल्या किती वेळेत वटवल्या गेल्या.

गोसेखुर्दचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला झालं, तेव्हा अंदाजपत्रक ३७२ कोटींच्या आसपास होतं. पुढे ते हजारो कोटींवर गेलं. मधल्या काळात ठेकेदारांना दिलेला 'मोबिलायझेशन अ‍ॅडव्हान्स' हा शब्द तक्रारींत आणि चौकशांत इतक्या वेळा आला, की टपरीवरही लोक तो बिनचूक बोलू लागले. त्या चौकशांत मी आज शिरत नाही. मला दोन प्रश्नांबद्दल लिहायचं आहे, जे आपल्याकडे नेहमी ऐकू येतात. पहिला गावकऱ्यांचा असतो: "ठेकेदार अ‍ॅडव्हान्स घेऊन काम अर्धवट टाकून गेला, सरकारकडे त्याची बँक गॅरंटी होती ना भाऊ, मग ती वटवली का नाही?" दुसरा लहान ठेकेदारांचा: "साहेबांनी माझं बिल दोन वर्षं अडवलं, वरून माझी गॅरंटीही वटवली. हा सरळ फ्रॉड आहे, मग कोर्ट स्टे का देत नाही?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच तत्त्वात आहे, आणि त्याचा इतिहास लखनौपासून लिबियापर्यंत फिरून मुंबईच्या एका कंपनीपर्यंत येतो.

आधी साधा हिशेब करू. समजा, एका वितरिकेचं १० कोटींचं काम आहे. ठेकेदाराला यंत्रं, माणसं, डिझेल जमवायला सरकार सुरुवातीलाच १ कोटी अ‍ॅडव्हान्स देतं आणि पुढच्या प्रत्येक चालू बिलातून तो हप्त्याने कापून घेतं. हा १ कोटी बुडू नये म्हणून ठेकेदार तेवढ्या रकमेची बँक गॅरंटी देतो. शिवाय काम नीट पूर्ण करीन याची वेगळी गॅरंटी देतो, समजा ५० लाखांची. हिला परफॉर्मन्स गॅरंटी किंवा परफॉर्मन्स बाँड म्हणतात. बँक ही कागदं फुकट देत नाही. ती वर्षाला कमिशन घेते आणि काही रक्कम मुदत ठेव म्हणून अडकवून ठेवते. लहान ठेकेदाराचं खेळतं भांडवल इथेच अडकतं. त्याचा राग मला समजतो.

आता यात करार किती झाले ते मोजा. सरकार आणि ठेकेदार यांच्यात कामाचा करार. ठेकेदार आणि बँक यांच्यात एक करार, की बँकेला पैसे द्यावे लागले तर ठेकेदार ते भरून देईल. आणि बँक व सरकार यांच्यात तिसरा, म्हणजे गॅरंटी. बहुतेक लोक या तीन गोष्टी एकच समजतात. कायदा तसं समजत नाही. गॅरंटी 'पहिल्या मागणीवर, बिनशर्त' अशी असेल, तर सरकारने मागणी केली की बँकेने पैसे द्यायचे. कालवा खरंच फुटला का, जमीन ताब्यात कुणी दिली नाही, बिल कुणी अडवलं, हे बँकेने विचारायचं नाही. गॅरंटी मूळ करारापासून स्वतंत्र उभी राहते. कायदेपंडित यालाच स्वायत्ततेचं तत्त्व म्हणतात.

हे ऐकायला अन्यायाचं वाटतं. पण त्यामागचं कारण व्यवहाराचं आहे. पूर्वी लोक अनामत रोख ठेवायचे. रोख रक्कम साहेबाच्या तिजोरीत असली की भांडण झाल्यावर ती आधी त्याच्याकडेच राहते आणि परत मागायला ठेकेदाराला कोर्टात जावं लागतं. बँक गॅरंटी ही त्या रोख रकमेच्या जागी आलेली आहे. प्रत्येक भांडणात तिच्यावर स्टे मिळू लागला, तर कुठलंही खातं ती घेणार नाही, पुन्हा रोखच मागेल. मग पहिला मरेल तो लहान ठेकेदारच.

मग फसवणुकीचा अपवाद कुठून आला? त्याची पहिली मोठी गोष्ट आपल्या देशाशी जोडलेली आहे, हे वकिलांनाही फारसं आठवत नाही. १९४१ चं न्यूयॉर्कमधलं प्रकरण आहे, श्टेन विरुद्ध श्रोडर बँक. लखनौच्या एका व्यापारी कंपनीकडून अमेरिकन खरेदीदाराने ब्रश बनवायचे राठ केस मागवले होते. पैसे मिळण्यासाठी बँकेचं पतपत्र, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, उघडलेलं होतं. कागदपत्रं बरोबर असली की बँकेने पैसे द्यायचे, माल बघायचा नाही, असा त्याचा नियम. बँक गॅरंटी त्याच घराण्यातली. खरेदीदाराची तक्रार अशी, की ५० पेट्यांत राठ केसांऐवजी गाईचे केस आणि कचरा भरून पाठवला, आणि कागद मात्र बरोबर बनवले. न्यायमूर्ती श्येनटॅग यांनी तक्रार तूर्त खरी धरून सांगितलं, की माल थोडा हलका निघाला, वाद झाला, तर बँकेने पैसे द्यायचेच. पण विक्रेत्याने माल पाठवलाच नाही, जाणूनबुजून कचरा पाठवला, आणि पैसे देण्यापूर्वीच हे बँकेला कळलं आहे, तर अशा माणसाला स्वायत्ततेच्या तत्त्वाचं संरक्षण मिळणार नाही.

यातला फरक पकडून ठेवा, कारण पुढचा सगळा इतिहास त्यावरच फिरतो. हलका माल हा वाद आहे. कचरा भरलेली पेटी ही फसवणूक आहे.

बांधकामाच्या गॅरंटीला हा नियम लावण्याचं काम इंग्लंडच्या कोर्टाने १९७७ मध्ये केलं, एडवर्ड ओवेन इंजिनिअरिंगच्या प्रकरणात. ही इंग्रज कंपनी लिबियात काचघरं उभारून देणार होती. तिने किमतीच्या सुमारे १० टक्क्यांची परफॉर्मन्स गॅरंटी दिली. तिचे पैसे मिळण्यासाठी लिबियाच्या ग्राहकाने जसं पतपत्र उघडायचं ठरलं होतं, तसं त्याने उघडलंच नाही. म्हणजे करार मोडला ग्राहकाने. कंपनीने काम थांबवलं. तर ग्राहकाने उलट गॅरंटीचेच पैसे मागितले! लॉर्ड डेनिंग यांच्या कोर्टाने कंपनीला स्टे दिला नाही. त्यांचं म्हणणं असं, की ग्राहक चुकला असेल, अडेलतट्टू असेल, पण ही उघड, सिद्ध, बँकेला माहीत असलेली फसवणूक नाही. बँकेने पैसे द्यावेत, कंपनीने ग्राहकावर वेगळा दावा लावावा. आपल्या लहान ठेकेदाराच्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ इथेच मिळतं. समोरचा चुकला म्हणजे त्याने फसवणूक केली, असं नाही.

आता भारतात येऊ, आणि तेही एका कालव्यावर. गंगेवरच्या फराक्का बॅरेजच्या पुरवठा कालव्याचं खोदकाम मद्रासच्या तारापोर कंपनीकडे होतं. तिने सोव्हिएत संघातून माती उकरायची यंत्रं मागवली आणि बँक ऑफ इंडियाचं पतपत्र उघडलं. यंत्रं नीट चालत नाहीत, अशी तक्रार झाली. त्यात १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि पैसे कुठल्या हिशेबाने द्यायचे हाही वाद उभा राहिला. कंपनीने पैसे थांबवण्यासाठी कोर्ट गाठलं. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये नकार दिला. पतपत्र खरेदीच्या करारापासून स्वतंत्र आहे, यंत्राचं भांडण वेगळं भांडा.

आपल्या राज्याच्या वीज मंडळाचंही एक प्रकरण आहे. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाला माल पुरवणाऱ्या कोचीन मॅलेबल्स या केरळच्या कंपनीने अनामत रकमेऐवजी कॅनरा बँकेची ५० हजारांची गॅरंटी दिली होती. कंपनी बुडाली, दिवाळखोरीत गेली. मंडळाने बँकेकडे पैसे मागितले, तेव्हा कंपनीचा लिक्विडेटर आडवा आला, की कंपनीच्या मालमत्तेला आता हात लावता येणार नाही. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळाच्या बाजूने निकाल दिला. गॅरंटीचे पैसे बँकेचे आहेत, बुडालेल्या कंपनीचे नाहीत. 'ठेकेदार दिवाळखोर झाला, आता काय मिळणार' असं एखादा अधिकारी तुम्हाला सांगत असेल, तर त्याला हा निकाल सांगा. ठेकेदार बुडाला तरच गॅरंटीचा खरा उपयोग असतो!

१९८७ मध्ये उत्तर प्रदेश सहकारी फेडरेशन आणि सिंग कन्सल्टंट्स यांच्या प्रकरणात, वनस्पती तुपाच्या कारखान्याच्या उभारणीवरून, सर्वोच्च न्यायालयाने हे सगळं एकत्र बांधलं. उच्च न्यायालयाने दिलेला मनाई हुकूम उठवला आणि सांगितलं, की फसवणूक असेल तर ती अतिशय गंभीर, मूळ व्यवहारच पोखरून टाकणारी असली पाहिजे. १९९६ मध्ये हिंदुस्तान स्टीलवर्क्स विरुद्ध तारापोर (होय, फराक्कावालेच तारापोर) या प्रकरणात तर हेही स्पष्ट झालं, की वाद खरा आहे, लवादाकडे आहे, एवढ्या कारणाने गॅरंटी थांबत नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल, की सरकार म्हणेल ती पूर्व दिशा. तसं नाही. आणि त्यासाठीच मला आजच्या पोस्टचं मुख्य प्रकरण सांगायचं आहे.

हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी, एचसीसी. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये काढलेली मुंबईची कंपनी. भोर घाटातल्या रेल्वे बोगद्यांपासून तिची सुरुवात झाली, फराक्का बॅरेजही तिनेच बांधला. तेव्हाच्या बिहारमध्ये, आज जो भाग झारखंडात आहे तिथे, सुवर्णरेखा बहुउद्देशीय प्रकल्पाचं काम तिच्याकडे होतं. तोही गोसेखुर्दसारखाच प्रकल्प. धरणं, बॅरेज, कालवे, विस्थापित गावं, लांबत जाणारं काम. कंपनीला मोबिलायझेशनसाठी आगाऊ कर्ज मिळालं होतं आणि त्यासाठी मुंबईच्या फोर्टमधल्या स्टेट बँकेने बिहार सरकारच्या बाजूने गॅरंटी दिली होती. पुढे बिनसलं. सरकारी अभियंत्याने बँकेला पत्र लिहून पैसे मागितले. कंपनी कोर्टात गेली. ऑक्टोबर १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला.

वरचे सगळे निकाल बघता कंपनी हरायला हवी होती. गॅरंटीची सुरुवातही अगदी कडक होती. तिचा आशय असा, की आम्ही बिनशर्त आणि अपरिवर्तनीयपणे, नुसते जामीनदार म्हणून नव्हे तर मुख्य देणेकरी म्हणून, पहिल्या मागणीवर, कुठलीही हरकत न घेता रक्कम देऊ. एवढं वाचून कुठलाही अधिकारी निश्चिंत होईल. पण वाक्य तिथे संपत नव्हतं. पुढे असा आशय होता, की करारातल्या अमुक कलमातली कर्तव्यं ठेकेदाराने पाळली नाहीत आणि त्यामुळे आगाऊ कर्ज वसूल करण्याचा हक्क सरकारला निर्माण झाला, तर.

त्या 'तर'ने सगळं फिरवलं. न्यायालय म्हणालं, की गॅरंटीने स्वतःच मूळ कराराचं ते कलम आपल्या पोटात घेतलं आहे. मग ही गॅरंटी बिनशर्त राहिली नाही. 'बिनशर्त' हा शब्द वर लिहिला म्हणून कागद बिनशर्त होत नाही, शेवटपर्यंत वाचावा लागतो. त्या कलमातली परिस्थिती निर्माण झाली असेल तरच पैसे मागता येतील.

दुसरं कारण तर आपल्या सरकारी कचेऱ्यांना जास्त लागू पडणारं आहे. गॅरंटीत पैसे कुणाला द्यायचे म्हणून लिहिलं होतं? मुख्य अभियंत्याला. मागणीचं पत्र कुणी लिहिलं? कार्यकारी अभियंत्याने. तुम्ही म्हणाल, दोघंही सरकारचेच ना! न्यायालयाने ते मानलं नाही. गॅरंटी हा बँक आणि तिच्यात नाव असलेला लाभार्थी यांच्यातला वेगळा करार आहे. ज्याचं नाव आहे त्यानेच, ज्या शब्दांत लिहिलं आहे त्याच शब्दांत मागायला हवं. कार्यकारी अभियंत्याची मागणी चुकीची ठरली.

इथे थोडं थांबून बघा. स्वायत्ततेचं तत्त्व सरकारच्या बाजूने धावत होतं, तेच इथे सरकारच्या पायात अडकलं. गॅरंटी मूळ करारापासून वेगळी म्हणता, तर तिला वेगळा करार म्हणूनच वाचा, करारात कार्यकारी अभियंत्याला काय अधिकार आहेत ते सांगू नका. कंपनीला फसवणूक सिद्ध करावी लागली नाही. तिने फक्त कागद नीट वाचला. माझ्या मते ठेकेदारांचे वकील 'फ्रॉड, फ्रॉड' म्हणून जेवढा वेळ घालवतात, त्याच्या चौथाई वेळात गॅरंटीचा मजकूर आणि मागणीचं पत्र शेजारी ठेवून वाचलं, तर त्यांच्या हाती जास्त लागेल.

आणि हेच गावकऱ्यांच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. गॅरंटी असूनही पैसे मिळत नाहीत, ते बरेचदा पत्र चुकीच्या माणसाने, चुकीच्या शब्दांत पाठवल्यामुळे. समजा, गॅरंटीत लिहिलं आहे की लाभार्थ्याने 'ठेकेदाराने कराराचा भंग केला असून त्यामुळे अमुक रक्कम देय आहे' असं लेखी कळवावं. आणि विभागाने पत्र लिहिलं, 'ठेकेदाराचं काम समाधानकारक नसल्याने गॅरंटी जप्त करून रक्कम जमा करावी.' बोलीभाषेत दोन्ही एकच. पण पहिल्यात भंगाचं विधान आहे, रक्कम आहे. दुसऱ्यात दोन्ही नाहीत, आणि 'जप्त' हा शब्द तर गॅरंटीत नाहीच. बँक असं पत्र शांतपणे परत पाठवते. नवीन पत्र तयार होऊन साहेबाच्या सहीला जाईपर्यंत मुदत संपते.

बरं, मग फसवणुकीचा अपवाद आज कुठे लागू होतो? भारतीय कोर्टांनी घातलेल्या अटी सोप्या भाषेत सांगतो. फसवणूक गॅरंटीचा लाभ घेणाऱ्याची पाहिजे, तिसऱ्या कुणाची नाही. ती गॅरंटीच्या किंवा मूळ व्यवहाराच्या मुळाशी असावी. आणि पैसे द्यायच्या वेळीच तिचा इतका स्पष्ट पुरावा बँकेसमोर आणि कोर्टासमोर असावा, की दुसरा अर्थ निघूच नये. पुढे साक्षीपुराव्यात सिद्ध करू, हे चालत नाही.

वरच्या १० कोटींच्या कामावर हे लावून बघू. सरकारने जमीन वेळेत दिली नाही म्हणून काम लांबलं, तरी दोष ठेकेदारावर टाकून ५० लाखांची गॅरंटी वटवली. हा वाद आहे. स्टे मिळणं जवळजवळ अशक्य, लवादात जाऊन नुकसानभरपाई मागा. दुसरं बघा. १ कोटी अ‍ॅडव्हान्सपैकी ७० लाख बिलांतून कापले, विभागाच्या मते व्याज धरून अजून ४० लाख बाकी, ठेकेदाराच्या मते ३० लाख. हाही वादच. पण विभागाच्याच मोजमाप पुस्तकात आणि बिलांत पूर्ण १ कोटी वसूल झाल्याची नोंद आहे, विभागाच्याच सहीचं 'अ‍ॅडव्हान्स बाकी नाही' असं पत्र आहे, आणि तरी तोच विभाग बँकेला लिहितो की १ कोटी येणे आहे, तर गोष्ट श्टेनच्या कचऱ्याच्या पेटीजवळ जाते. इथे मागणाऱ्यालाच माहीत आहे की आपलं विधान खोटं आहे. अशा वेळी कोर्ट कान देईल. ठेकेदार मित्रांनी म्हणूनच प्रत्येक चालू बिलाची प्रत आणि वसुलीचा तक्ता जपून ठेवावा. आणि वसूल झालेल्या रकमेएवढी गॅरंटी कमी करून घ्यायचं कलम करारात असेल, तर ती वेळच्या वेळी कमी करून घ्यावी. मग भांडण १ कोटीचं राहतच नाही.

आणखी एक अपवाद वकील मांडतात: कधीच भरून न येणारं नुकसान. याचं मूळ उदाहरण अमेरिकेच्या आयटेक कंपनीचं आहे. १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, अमेरिकन दूतावासातली माणसं ओलीस धरली गेली, अशा वेळी इराणने गॅरंटीचे पैसे मागितले. ते एकदा गेले की तेहरानच्या कोर्टात जाऊन परत मिळवण्याची काडीचीही शक्यता नव्हती. म्हणून तिथे स्टे मिळाला. आपल्याकडे समोर महाराष्ट्र सरकार असतं. ते उशीर करेल, अपील करेल, पण लवादाचा निकाल लागल्यावर ते पैसे देऊ शकत नाही, असं कोर्टाला पटवणं कठीण. 'माझा धंदा बुडेल' हे पुरत नाही.

फसवणुकीची उलटी बाजूही आहे, आणि आजकाल तीच जास्त दिसते. लाभार्थी नव्हे, ठेकेदारच फसवतो. गॅरंटीच खोटी असते. २०२५ मध्ये सीबीआयने शेजारच्या मध्य प्रदेशातलं प्रकरण उघड केलं. तिथल्या जल निगमाच्या सिंचन कामांसाठी दिलेल्या आठ गॅरंट्या, १८३ कोटींच्या, बनावट असल्याचा आरोप आहे. त्यातली मेख अशी, की निगमाने त्या खऱ्या आहेत का म्हणून विचारणा केली होती, आणि 'होय, खऱ्या आहेत' असं उत्तरही बँकेच्या नावाच्या ईमेलवरून आलं होतं. तो ईमेलही बनावट होता, असं तपासात पुढे आलं. इथे स्वायत्तता वगैरे काही कामाला येत नाही, कारण बँकेने वचन दिलेलंच नसतं. यावर उपाय एकच. बँकांचा आपापसातला एसएफएमएस नावाचा संदेशमार्ग आहे. गॅरंटी देणारी बँक त्यावरून विभागाच्या स्वतःच्या बँकेला संदेश पाठवते, आणि विभागाने आपल्याच शाखेत जाऊन तो आला का ते विचारायचं. ठेकेदाराने हातात दिलेल्या फोन नंबरवर किंवा ईमेलवर खात्री करणं म्हणजे चोरालाच 'तू चोर आहेस का' म्हणून विचारणं.

आता गावकऱ्यांच्या प्रश्नाचं राहिलेलं अर्धं उत्तर. ते तारखेत आहे. प्रत्येक गॅरंटीला मुदत असते. काम लांबलं की मुदतवाढ घ्यावी लागते. ठेकेदार मुदतवाढ देईना तर विभागाने मुदत संपण्याआधी बँकेला 'वाढवा, नाहीतर पैसे द्या' असं पत्र पाठवायचं. गॅरंटीचं रजिस्टर असतं, त्यात तारखा असतात, पण कारकून बदलतो, साहेबाची बदली होते, रजिस्टर कपाटात राहतं, आणि तारीख निघून जाते. तारीख गेली की बँकेची जबाबदारी संपली. मग ठेकेदार दोषी ठरला तरी वसुलीसाठी हातात काही राहत नाही. कागदावर सगळं बरोबर असलेल्या कामातही सार्वजनिक पैसा असा गळतो, आणि त्यात कुणी लाच घेतली असेलच असं नाही.

म्हणून आपल्या भागातलं एखादं काम रखडलेलं दिसलं, तर माहिती अधिकारात 'चौकशी करा' असा मोघम अर्ज करू नका. त्या कामाचं नाव आणि करार क्रमांक लिहून मागा: दिलेल्या सगळ्या बँक गॅरंट्यांच्या प्रती, गॅरंटी रजिस्टरमधल्या त्या कामाच्या पानाची प्रत, एसएफएमएस खात्रीची प्रत, अ‍ॅडव्हान्स आणि त्याच्या वसुलीचा बिलनिहाय तक्ता, आणि मुदतवाढीसाठी किंवा वटवण्यासाठी बँकेला पाठवलेली पत्रं व बँकेची उत्तरं. प्रत हातात आली की आधी लाभार्थी म्हणून कुणाचं पद लिहिलं आहे ते बघा. मग 'तर' शोधा. आणि शेवटच्या परिच्छेदात दोन तारखा असतील. एक गॅरंटीची मुदत, दुसरी त्या मुदतीतल्या कसुरीबद्दल बँकेकडे मागणी पोहोचण्याची शेवटची तारीख. जिथे ही दुसरी तारीख लावून त्यानंतर बँकेची जबाबदारी पूर्ण संपते असं लिहिलेलं असतं, तिथे २०१३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार करार कायद्याच्या कलम २८ प्रमाणे त्यासाठी किमान एक वर्ष द्यावं लागतं. काम रखडलेलं असेल आणि ती दुसरी तारीख अजून पुढे असेल, तर प्रत घेऊन थेट मुख्य अभियंत्याच्या कार्यालयात जा, आणि पोच घेऊन या.